पश्चिमेच्या खोलीला पीच रंग नकोच!

दुकानातल्या ट्यूबलाइटखाली शेडकार्डवरचा पीच रंग मोहक दिसतो. पण पश्चिमेला खिडकी असलेल्या बेडरूममध्ये उन्हाळ्यात चारनंतर तिरपं, पिवळसर ऊन थेट भिंतीवर येतं आणि तोच पीच भडक नारिंगी भासतो. अशा खोलीला निळसर किंवा हिरवट झाक असलेला फिका रंगच द्यावा. उत्तरेच्या खोलीत थेट ऊन कमी असतं, त्यामुळे हाच निळसर रंग तिथे राखाडी, उदास वाटतो. तिथे क्रीम बरा. आधी भिंतीवर दोन बाय दोन फुटांच्या जागेत रंगाचे दोन हात द्या. सकाळी नऊला आणि संध्याकाळी पाचला पाहा, मगच डबे घ्या. मात्र आतल्या रंगाने उकाडा कमी होत नाही. त्यासाठी खिडकीवर छज्जा किंवा जाड पडदा हवाच.