गौरवग्रंथाची प्रस्तावना

धर्माच्या इतिहासाचा एखादा थोर अभ्यासक निवृत्त होऊं लागला म्हणजे शिष्यमंडळी गौरवग्रंथ काढावयाचें ठरवितात. लेख येतात, वर्गणी जमते. अडून राहते ती प्रस्तावना. ती ज्याच्या वांट्यास येते तो बहुधा सोपी वाट धरतो. जन्मगांव, पदव्या, हुद्दे, आणि अखेरीस शास्त्राची अमोल सेवा केल्याचा दाखला. सेवा कोणती, हें मात्र वाचकास शेवटपर्यंत कळत नाहीं. अशा प्रस्तावनेची परीक्षा आम्ही एका प्रश्नानें करतों: सत्कारमूर्तीच्या नांवाच्या जागीं दुसरें नांव घातलें तर मजकूर तसाच चालेल काय? चालत असेल, तर तें मानपत्र होय, प्रस्तावना नव्हे.

डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचें उदाहरण घेऊं. ते १८९३ सालीं डेक्कन कॉलेजांतून निवृत्त झाले व वयास ऐंशी वर्षें पूर्ण झालीं तेव्हां, १९१७ सालीं, त्यांस लेखसंग्रह अर्पण करण्यांत आला. त्यांच्या धर्मविषयक कार्याची प्रस्तावना आज लिहावयाची झाल्यास काय करावें? व्याकरण, दक्षिणेचा इतिहास, हस्तलिखितांचा शोध, हें सर्व एकत्र कोंबूं नये. १९१३ सालीं स्ट्रासबर्ग येथें प्रसिद्ध झालेला त्यांचा वैष्णव, शैव व इतर पंथांवरील इंग्रजी ग्रंथ मध्यभागीं ठेवावा.

प्रथम, त्यांच्या पूर्वीं काय समजूत होती तें सांगावें. वेबर या जर्मन पंडितानें कृष्णजन्माच्या उत्सवांत ख्रिस्ती कथांची छाया पाहिली होती. कित्येकांस तर भक्तिमार्गच बाहेरून आलेला वाटे. ही पार्श्वभूमि सांगितल्यावांचून भांडारकरांनीं काय केलें याचें मोल कळणार नाहीं.

नंतर, त्यांनीं काय सिद्ध केलें व कशाच्या आधारें, तें लिहावें. त्यांनीं केवळ पुराणांवर विसंबून न राहतां ज्यांचा काळ ठरवितां येतो असे पुरावे पुढें मांडले. घोसुंडीच्या शिलालेखांत संकर्षण व वासुदेव यांच्या पूजास्थानाचा उल्लेख आहे. बेसनगरास हेलिओदोर नांवाच्या यवनानें वासुदेवाप्रीत्यर्थ गरुडस्तंभ उभारून स्वतःस भागवत म्हणविलें आहे. आमच्या जुन्नरजवळच्या नाणेघाटांतील लेखांतही तीं दोन नांवें देवतांत आढळतात. हे तिन्ही लेख ख्रिस्तापूर्वींचे. अर्थात् वासुदेवभक्ति उसनी आणलेली नाहीं. शिवाय, वैदिक विष्णु, नारायण, सात्वतांचा वासुदेव व गोपालकृष्ण हे प्रवाह मूळचे निरनिराळे असून पुढें एकत्र मिळाले, ही मांडणीही त्यांचीच.

आतां कठिण भाग. ज्या ग्रंथांत हें आहे, त्याच ग्रंथांत गोकुळांतील बालकृष्णाची कथा आभीरांबरोबर आली व त्यांनींच ख्रिस्ताचें नांव इकडे आणलें असावें, असाही तर्क आहे. हेमचंद्र रायचौधरी यांनीं १९२० सालच्या आपल्या ग्रंथांत त्याचा प्रतिवाद केला. आभीरांचा उल्लेख पतंजलीच्या महाभाष्यांतच सांपडतो. आणि पतंजलीचा काळ ख्रिस्तापूर्वीं सुमारें दीडशें वर्षें, हें भांडारकरांनींच पूर्वीं प्रतिपादिलें होतें! तेव्हां आभीर ख्रिस्तानंतर आले, हें म्हणणें टिकत नाहीं.

सत्कारमूर्ति समोर बसलेली असतां हें लिहावें कीं गाळावें? गाळल्यास जाणता वाचक उरलेल्या स्तुतीवरही विश्वास ठेवणार नाहीं. मात्र त्यावर पानेंच्या पानें खर्चणेंही अनुचित. ‘गोपालकृष्णाचा प्रवाह निराळा मानण्याची दिशा त्यांनीं दाखविली, त्याच्या उगमाविषयींचा त्यांचा तर्क पुढील पुराव्यापुढें टिकला नाहीं’, इतक्या दोन वाक्यांत काम होतें. त्यांत अनादर नाहीं. मत व पुरावा यांचा निवाडा तेवढा आहे.

शेवटीं, नंतर काय घडलें तें सांगावें. १९७० सालीं अफगाणिस्तानांत आय-खानूम येथील उत्खननांत अगाथोक्लीस या यवन राजाचीं नाणीं सांपडलीं. तीं ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांतील असून त्यांवर संकर्षण व वासुदेव यांच्या मूर्ति आहेत. भांडारकरांच्या मुख्य सिद्धांतास ही साक्ष त्यांच्या निधनानंतर पंचेचाळीस वर्षांनीं मिळाली. कार्य सांगावयाचें तें असें: कोणतें टिकलें, कोणतें गेलें, कोणास पुढें बळकटी आली.

मग संग्रहांतील लेखांची ओळख ओघानेंच करून देतां येते. कोणता लेख गुरूच्या कोणत्या प्रश्नापासून निघाला, तो त्यास पुष्टि देतो कीं छेद, हें एकेका वाक्यांत सांगावें. चरित्र एका परिच्छेदांत आटोपावें. ग्रंथांची कालानुक्रमें यादी पुस्तकाच्या शेवटीं द्यावी. पदव्या त्या परिच्छेदांतच राहूं द्याव्या.