उसना निश्चय आणि खरा गोंधळ

दहावीचा निकाल लागला की जालना जिल्ह्यातील शिक्षकांपुढे दोन तऱ्हेची मुले येऊन उभी राहतात. एकाला विचारावे तर तो तत्काळ ‘विज्ञान शाखा’ असे ठाम उत्तर देतो. दुसरा घुटमळतो, आज तंत्रनिकेतन म्हणतो, उद्या वाणिज्य. पहिल्याची पाठ थोपटावी आणि दुसऱ्याची चिंता वाहावी, ही आपली रूढ रीत. वस्तुतः ती पुष्कळदा उलटी ठरते.

‘मी कोण’ या प्रश्नाचा उलगडा हे किशोरवयाचे मुख्य कार्य होय, असे एरिक एरिक्सन यांनी मांडले. जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये हा विचार तपासण्याजोगा केला. त्यांनी दोनच गोष्टी पाहिल्या : तरुणाने निरनिराळे पर्याय चाचपून पाहिले आहेत काय, आणि त्याने एखादा मार्ग मनापासून पत्करला आहे काय? शोधही नाही आणि निश्चयही नाही, ही धूसर अवस्था. शोध चालू आहे पण निश्चय व्हायचा आहे, ही शोधावस्था. शोधांती निश्चय, हे सिद्ध स्वत्व. आणि शोध न घेताच निश्चय, हे उसने स्वत्व. या चौकटीत आपला ठाम विद्यार्थी बहुधा चौथ्या खणात पडतो आणि घुटमळणारा दुसऱ्या.

घनसावंगी तालुक्यातील एका मोसंबी बागाईतदाराचा मुलगा आपण कल्पू. त्याचे चार मित्र वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीसाठी छत्रपती संभाजीनगरला निघाले आहेत. म्हणून तोही निघाला आहे. शिक्षकाने त्याला वर्गात सर्वांसमक्ष विचारले, तर उत्तर त्याचे नसेल, टोळीचे असेल. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे उद्बोधक आहे. मोटार चालवण्याच्या एका खेळात मित्र जवळ असताना १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी एकटे असतानापेक्षा बराच अधिक धोका पत्करला. २४ वर्षांवरील प्रौढांच्या वागण्यात तसा फरक पडला नाही. तेव्हा ‘मित्रांच्या नादी लागू नकोस’ हा उपदेश व्यर्थ होय. बदलायची ती प्रश्न विचारण्याची जागा.

शिक्षकाने या मुलाला एकटे बोलवावे आणि तीन प्रश्न विचारावेत. तू कोणते मार्ग विचारात घेतलेस आणि का सोडलेस? हे चार मित्र उद्या वाणिज्य शाखेला गेले, तर तू काय करशील? डॉक्टर दिवसभर काय करतो, हे तू कोठे पाहिले आहेस? पहिल्या प्रश्नाला उत्तरच नसेल, तर निश्चय उसना आहे असे समजावे. मग त्याला मोडता घालू नये. शोधाचे काम नेमून द्यावे. ग्रामीण रुग्णालय, कृषिसेवा केंद्र, जालन्यातील एखादी बियाणे कंपनी वा लोखंडाचा कारखाना येथे काम करणाऱ्या दोघा-तिघांना भेटून ये, आणि आठवड्याने पुन्हा बोलू, असे सांगावे. त्यानंतरही तो वैद्यकावर ठाम राहिला, तर तो निश्चय आता त्याचा स्वतःचा झाला.

राज्य मंडळाने २०१६ मध्ये दहावीसाठी कलचाचणी सुरू केली होती. तिचा उपयोग होता; पण अशी चाचणी आवड कोणती ते सांगते, ती आवड कोणाकडून आली ते सांगत नाही. ते काम संभाषणाचेच.

येथे अर्थशास्त्राचा एक आक्षेप विचारात घ्यावा लागेल. शोधाला वेळ लागतो आणि वेळेला किंमत असते. ज्या घरची माणसे ऊसतोडीला जातात, तेथे एक वाया गेलेले वर्ष म्हणजे एका मिळकतीचा त्याग. म्हणूनच अनेक पालक विज्ञान शाखा घ्यायला लावतात : तेथून पुढे कला-वाणिज्याकडे वळता येते, उलट वाट अवघड. हा हिशेब मूर्खपणाचा नाही. मात्र दार उघडे ठेवणे आणि त्या दारातून आत जाणे यांत अंतर आहे. म्हणून आरंभीच ठरवून घ्यावे, की परीक्षेचे प्रयत्न किती, खर्च किती आणि त्यानंतर दुसरी वाट कोणती. हे न ठरल्यास गुण लपवणे, सुटीत घरी येणे टाळणे, कारण न सांगता ‘आणखी एक वर्ष’ मागणे, ही लक्षणे दिसू लागतात. निश्चय उसना होता, आणि तो परत करायची लाज वाटते, असा त्यांचा अर्थ बहुधा असतो.

मार्सियांचे निष्कर्ष अमेरिकन महाविद्यालयीन तरुणांवरून काढलेले आहेत, आणि पंधराव्या वर्षी सिद्ध स्वत्व क्वचितच आढळते. तेव्हा या चार खणांचे शिक्के मुलांच्या कपाळी मारू नयेत. घुटमळणाऱ्याला मात्र ‘अजून ठरत नाही?’ असे दरडावण्याऐवजी, ‘आतापर्यंत काय काय पाहिलेस?’ असे विचारावे. त्याच्यापाशी सांगण्याजोगे काही असेल, तर तो मागे पडलेला नाही.