विश्लेषण : हेलिकॉप्टर पोहोचत नाही तेव्हा… सोलापूरच्या डॉ. कोटणीसांची युद्धवैद्यकाची पद्धत पुन्हा का आठवते आहे?

जखमी सैनिकाला तासाभरात हेलिकॉप्टरने शस्त्रक्रियागृहात न्यायचे, हे आधुनिक युद्धवैद्यकाचे सूत्र. युक्रेनमधील युद्धाने ते मोडीत काढले आहे. ड्रोनच्या नजरेखाली हेलिकॉप्टर आघाडीजवळ उतरू शकत नाही, रुग्णवाहिकाही दिवसा बाहेर पडत नाही. अनेक जखमींना रात्र होण्याची, कधी तर काही दिवस वाट पाहावी लागते. अशी परिस्थिती वैद्यकाला नवी नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये याच अडचणीत शस्त्रक्रिया करत होते.

न्हाव्याकडून शल्यचिकित्सकाकडे…

मध्ययुगीन युरोपात शिकलेले वैद्य हातात शस्त्र घेत नसत. फोड कापणे, रक्त काढणे, अवयव छाटणे ही कामे वस्तरा चालवणारे न्हावी करत. सैन्याबरोबरही तेच जात. आंब्रुआज पारे हा फ्रेंच शल्यचिकित्सक याच न्हाव्यांच्या परंपरेतला. बंदुकीची जखम विषारी असते, या समजुतीने तीत उकळते तेल ओतण्याची तेव्हा रीत होती. १५३७च्या सुमारास इटलीतील मोहिमेत पारेजवळचे तेल संपले. नाइलाजाने त्याने अंड्याचा बलक, गुलाबतेल आणि टर्पेंटाइन यांचा लेप लावला. सकाळी पाहतो तर लेप लावलेले सैनिक शांत झोपलेले आणि तेल ओतलेले तापाने, वेदनेने तळमळत असलेले. त्यानंतर त्याने तेलाची पद्धत सोडली. जखमेवरचा उपचार सुधारू लागला, पण जखमी वेळेत शल्यचिकित्सकापर्यंत पोहोचण्याचा प्रश्न तसाच राहिला.

‘ट्रायेज’ म्हणजे काय?

फ्रेंच भाषेत ‘त्रिए’ म्हणजे निवडणे, वर्गवारी करणे. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक डोमिनिक लॅरे याच्या काळात रुग्णगाड्या लढाई संपेपर्यंत रणांगणापासून काही किलोमीटर मागे थांबत. तोवर अनेक जण रक्तस्रावाने मरत. लॅरेने घोड्यांच्या हलक्या गाड्या लढाई चालू असतानाच पुढे नेल्या. उपचाराचा क्रम हुद्द्यावर नव्हे, तर जखमेच्या गांभीर्यावर ठरेल, हा नियमही त्याने घातला. सेनाधिकाऱ्याचे बोट तुटले असेल आणि शिपायाच्या मांडीतून रक्त वाहत असेल, तर शिपाई आधी.

आज हीच निवड काही सेकंदांत केली जाते. समजा, चार जखमी आले आणि डॉक्टर एकच आहे. पहिला ओरडतो आहे, पण चालत आला. तो हिरव्या गटात, म्हणजे थांबू शकतो. दुसरा गप्प आहे, पण मिनिटाला ३०हून अधिक श्वास घेतो आणि मनगटाची नाडी लागत नाही. तो लाल, म्हणजे आधी. तिसऱ्याचा पाय मोडला आहे. श्वास आणि नाडी ठीक, सांगितलेले समजते. तो पिवळा. चौथ्याचा श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास सुरू होत नाही. तो काळा, म्हणजे त्याच्यावर वेळ खर्च करता येत नाही.

इथे नेहमीची चूक म्हणजे सर्वाधिक ओरडणाऱ्याकडे आधी धावणे. ज्याच्यात ओरडण्याइतका दम आहे त्याचा श्वास चालू असतो. धोका बहुधा गप्प पडलेल्याला असतो. दुसरी चूक म्हणजे एकदा रंग दिला की विसरणे. पोटात आत रक्त साचत असलेला पिवळा रुग्ण अर्ध्या तासात लाल होतो. म्हणून तपासणी पुन:पुन्हा करावी लागते.

डॉ. कोटणीसांनी काय केले?

जपानच्या आक्रमणानंतर, १९३८मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक चीनला पाठवले. त्यात मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेले कोटणीस होते. पुढे ते उत्तर चीनमध्ये आठव्या मार्ग सेनेबरोबर काम करू लागले. तिथे कॅनेडियन शल्यचिकित्सक नॉर्मन बेथ्यून यांनी एक पद्धत बसवली होती : जखमी येण्याची वाट पाहू नका, तुम्हीच त्याच्याकडे जा. शस्त्रक्रियेचे सामान खेचरांवर लादून पथक आघाडीजवळच्या गावात पोहोचे आणि एखाद्या घरात किंवा देवळात टेबल मांडे. एप्रिल १९३९मध्ये बेथ्यून यांनी ६९ तासांत ११५ शस्त्रक्रिया केल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तात विषबाधा होऊन त्यांचा मृत्यू झाला.

कोटणीसांनी हीच पद्धत पुढे चालवली. १९४०मधील एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास न झोपता काम केल्याची आणि सुमारे ८०० जखमींवर उपचार झाल्याची नोंद त्यांच्या चरित्रांत आहे. १९४१मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२व्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचे निधन झाले. सोलापूरकरांना भय्या चौकातील स्मारकामुळे हे नाव परिचित आहे. त्यांच्या कामामागचा वैद्यकीय हिशेब मात्र क्वचित सांगितला जातो. त्यांच्याकडे विमाने नव्हती, डोंगराळ भागात रस्ते नव्हते. जखमी वेगाने मागे आणता येणार नसेल, तर शस्त्रक्रिया पुढे न्यायची, एवढाच मार्ग होता.

हेलिकॉप्टरने काय बदलले?

एप्रिल १९४४मध्ये ब्रह्मदेशात कार्टर हार्मन या अमेरिकी वैमानिकाने जपानी फळीमागे अडकलेल्या चौघांना हेलिकॉप्टरने सुखरूप आणले. त्या यंत्रात वैमानिकाशिवाय एकच माणूस बसे, म्हणून चार फेऱ्या कराव्या लागल्या. कोरियाच्या युद्धात हा प्रयोग नेहमीची व्यवस्था झाला. २००९मध्ये अमेरिकी संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी अफगाणिस्तानातील जखमींना ६० मिनिटांत हलवण्याचा आदेश दिला. त्यानंतर वाहतुकीचा मध्यक वेळ ९० मिनिटांवरून ४३ मिनिटांवर आला आणि मृत्यूंचे प्रमाणही घटले. या यशामागे एक अट होती : आकाश आपल्या ताब्यात हवे. तालिबानकडे हवाई दल नव्हते.

युक्रेनमध्ये काय बिघडले?

तिथे आकाश कोणाच्याच ताब्यात नाही. परिणाम सर्वांत ठळक दिसतो तो रक्त थांबवणाऱ्या पट्ट्यात, म्हणजे टूर्निकेटमध्ये. मांडीची रोहिणी फुटली तर माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. घट्ट आवळलेला पट्टा त्याला वाचवतो. पण पट्ट्याखालच्या भागाला रक्त मिळत नाही. साधारण दोन तासांनंतर स्नायूंना इजा सुरू होते आणि सहा तास उलटले तर तो अवयव बहुधा कापावा लागतो. तासाभरात रुग्णालय गाठता येत असताना ही अडचण नव्हती. आता पट्टा बांधल्याची वेळ लिहून ठेवणे, दोन तासांच्या आत जखम पुन्हा पाहणे आणि शक्य असेल तर पट्ट्याऐवजी दाब देणारी मलमपट्टी बांधणे, हे आघाडीवरच्या सहकाऱ्यालाच शिकावे लागते. उशिरा पट्टा सैल करणेही धोक्याचे असते, कारण मेलेल्या स्नायूंतील द्रव्ये रक्तात मिसळून मूत्रपिंड आणि हृदय बंद पाडू शकतात.

म्हणूनच तिथे आघाडीजवळ तळघरांत उपचार केंद्रे थाटली गेली आहेत आणि जखमींना ओढून आणायला चाकांवरचे यंत्रमानव वापरले जात आहेत. खेचराची जागा यंत्राने घेतली आणि गावातल्या घराची जागा तळघराने.

यातून निघणारा निष्कर्ष कोणत्याही लष्कराला लागू आहे, आपल्याही. हेलिकॉप्टर हे वैद्यकाचे साधन असले तरी ते उडणार की नाही, हे शत्रू ठरवतो. त्यामुळे हेलिकॉप्टरच्या जोडीला पुढे जाणारे छोटे शस्त्रक्रिया पथक आणि रक्त थांबवून तासन्‌तास जखमी सांभाळू शकणारा सैनिक, या दोन्हींची तयारी शांततेच्या काळातच करावी लागते.