बाजार सुरू होता, मग शेअर का आले नाहीत? 'बाय' दाबल्यापासून मालकी मिळेपर्यंत काय घडतं

१९ फेब्रुवारी २०२५, बुधवार. शिवजयंतीमुळे महाराष्ट्रात बँका बंद होत्या, पण शेअर बाजार सुरू होता. त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे मंगळवारी ज्यांनी शेअर घेतले, त्यांच्या डीमॅट खात्यात ते बुधवारी जमा झाले नाहीत. ते आले गुरुवारी, २० तारखेला.

बाजार सुरू असूनही असं का झालं? कारण शेअर खरेदी होणं आणि ते आपल्या मालकीचे होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मंगळवारी काय होतं?

सोलापूरजवळच्या होटगीत अल्ट्राटेक सिमेंटचा कारखाना आहे. समजा, होटगीतल्याच एकाने मंगळवारी मोबाइलवरून या कंपनीचे दोन शेअर घेतले. हिशेबाच्या सोयीसाठी भाव ११,००० रुपये धरू, म्हणजे एकूण २२,००० रुपये.

'बाय' दाबताच ऑर्डर ब्रोकरमार्फत एक्स्चेंजकडे जाते. तिथे त्याच भावाला विकणारा कुणी मिळाला की सौदा पक्का होतो. याला काही क्षण लागतात. ॲपमध्ये शेअर दिसू लागतात, पण अनेक ॲप त्यांच्यापुढे 'T1' असं लिहितात. याचा अर्थ, सौदा झाला आहे, शेअर अजून आलेले नाहीत.

मधे कोण उभं असतं?

घेणारा होटगीत, विकणारा कदाचित गुवाहाटीत. दोघं एकमेकांना ओळखत नाहीत. म्हणून दोघांच्या मधे क्लिअरिंग कॉर्पोरेशन उभं राहतं. एनएसईच्या बाजूने एनएसई क्लिअरिंग, तर बीएसईच्या बाजूने इंडियन क्लिअरिंग कॉर्पोरेशन. घेणाऱ्यासाठी तेच विकणारं होतं आणि विकणाऱ्यासाठी तेच घेणारं.

बाजार बंद झाल्यावर कुणी किती पैसे आणि किती शेअर द्यायचे याचा निव्वळ हिशेब लागतो. हे क्लिअरिंग. दुसऱ्या दिवशी पैसे आणि शेअर प्रत्यक्ष हलतात. ही सेटलमेंट.

सौद्याचा दिवस म्हणजे 'टी' आणि पुढचा कामकाजाचा दिवस 'टी+१'. २००३ पासून आपल्याकडे टी+२ पद्धत होती. २७ जानेवारी २०२३ पासून सगळे शेअर टी+१ वर आले.

पण हा दिवस मोजताना बाजारासोबत बँकाही सुरू असाव्या लागतात, कारण पैसे बँकांमधूनच जातात. १९ फेब्रुवारीला महाराष्ट्रातल्या बँका बंद, म्हणून तो 'सेटलमेंट हॉलिडे' ठरला. मंगळवार आणि बुधवार, दोन्ही दिवसांच्या सौद्यांची सेटलमेंट गुरुवारी झाली.

विकणाऱ्याने शेअर दिलेच नाहीत तर?

असंही होतं. समजा, एखाद्याने हातात शेअर नसताना सकाळी विकले आणि संध्याकाळपर्यंत परत घ्यायचं ठरवलं. तेवढ्यात त्या शेअरला अप्पर सर्किट लागलं, तर त्याला परत घेता येत नाहीत. मग द्यायला त्याच्याकडे शेअरच नसतात.

अशा वेळी क्लिअरिंग कॉर्पोरेशन लिलाव करून शेअर मिळवतं आणि साधारण एक दिवस उशिरा घेणाऱ्याला देतं. लिलावातही मिळाले नाहीत, तर घेणाऱ्याला रोख रक्कम मिळते. सौद्याच्या दिवसापासून लिलावापर्यंतचा सर्वांत जास्त भाव, किंवा लिलावाच्या दिवशीच्या बंद भावापेक्षा २० टक्के जास्त, यातला जो मोठा तो धरतात. बंद भाव ११,००० असेल, तर प्रत्येक शेअरमागे निदान १३,२०० रुपये. हा भार शेअर न देणाऱ्यावर पडतो.

म्हणूनच शेअर खात्यात येण्याआधी ते विकणं जोखमीचं असतं. आपल्याला विकणाऱ्याने शेअर दिले नाहीत, तर आपणही पुढच्याला देऊ शकत नाही. मग लिलावाचा भुर्दंड आपल्यावर येऊ शकतो.

शेअर थेट आपल्या खात्यात

पूर्वी शेअर आधी ब्रोकरच्या खात्यात येत आणि मग तो ते ग्राहकाकडे पाठवत असे. ग्राहकांचे शेअर ब्रोकरच्या ताब्यात राहिले की काय होऊ शकतं, हे नोव्हेंबर २०१९ मध्ये कार्वी स्टॉक ब्रोकिंगच्या प्रकरणात दिसलं. ग्राहकांच्या शेअरचा गैरवापर झाल्यावरून सेबीने या कंपनीवर नवे ग्राहक घेण्यास बंदी घातली होती.

फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस नवी पद्धत लागू झाली. पूर्ण पैसे भरलेले शेअर आता क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडून थेट ग्राहकाच्या डीमॅट खात्यात जातात.

मालकी झाली, हे कसं ओळखायचं?

डीमॅट खातं ब्रोकरमार्फत उघडलं, तरी शेअरची नोंद सीडीएसएल किंवा एनएसडीएलकडे असते. मालकी तिथली नोंद ठरवते, ॲपची स्क्रीन नाही. सीडीएसएलच्या 'ईझी' किंवा एनएसडीएलच्या 'आयडियाज' या सेवेत लॉग-इन करून ती स्वतः पाहता येते.

लाभांशालाही हीच नोंद लागते. रेकॉर्ड डेटच्या दिवशी शेअर घेतले, तर ते दुसऱ्या दिवशी खात्यात येतात, त्यामुळे तो लाभांश मिळत नाही. आणि मधे बँकांची सुट्टी येत असेल, तर एक्स्चेंजच्या वेबसाइटवर सेटलमेंट हॉलिडेची यादी आधी पाहिलेली बरी.