शिफारसपत्र: टिपणांतून मजकूर

समजा, बदलापूरहून उल्हासनगरच्या कॉलेजात येणारी मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी.साठी अर्ज करते आहे. शिफारसपत्रासाठी बाईंनी तीन टिपणे काढली: मेहनती, प्रॅक्टिकलमध्ये काळजीपूर्वक, शंका विचारते. ती जशीच्या तशी उतरवली, तर ते पत्र वर्गातल्या कुणाचेही होईल.

म्हणून प्रत्येक टिपणाला ‘कशावरून?’ असे विचारावे. ‘काळजीपूर्वक’चे उत्तर असे निघते: “टायट्रेशनचे पहिले रीडिंग पुढच्या दोन्हींपेक्षा जास्त आले. तिने ते खोडले नाही. ब्युरेटच्या टोकाशी अडकलेला हवेचा बुडबुडा मध्येच निघून गेला होता, हे तिने शोधले आणि वहीत नोंदवले.” ज्या टिपणाला असा प्रसंग सापडत नाही, ते वगळावे.

सुरुवातीला बाई तिला किती वर्षे आणि कोणता विषय शिकवतात ते यावे. मार्क पुन्हा देऊ नयेत. ते गुणपत्रिकेत असतातच. पत्र एका पानात संपावे.

परदेशी विद्यापीठे बहुधा शिक्षकांच्याच ईमेलवर लिंक पाठवतात, पत्र मुलीच्या हाती येत नाही. तेव्हा असे प्रसंग आठवून तिने ते शेवटच्या तारखेच्या तीन-चार आठवडे आधी बाईंना लिहून द्यावेत.