तपशील वाढतो, शक्यता घटते

उज्जैनचा पुढील सिंहस्थ २०२८ मध्ये भरणार आहे. मेळ्यात काय घडू शकेल, याविषयीची दोन विधाने वाचकांनी पडताळून पाहावीत. पहिले : मेळ्याच्या काळात एखाद्या घाटावरील प्रवेश काही तास थांबवावा लागेल. दुसरे : अवकाळी वादळाने वीज जाईल, अंधारात अफवा पसरेल आणि त्यामुळे घाटावरील प्रवेश काही तास थांबवावा लागेल. यांतील अधिक संभाव्य कोणते?

अनेकांना दुसरे विधान पटते. ५ मे २०१६ रोजी सिंहस्थातच वादळी पावसाने मंडप कोसळून जीवितहानी झाली होती. साहजिकच चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. तरीही हे उत्तर गणिताला मान्य नाही. दुसरे विधान ज्या ज्या वेळी खरे ठरेल, त्या त्या वेळी पहिले खरे ठरणारच. उलट मात्र घडेलच असे नाही.

समजण्यासाठी काही आकडे गृहीत धरू. अशा १०० मेळ्यांपैकी ३० मध्ये मोठे वादळ झाले. त्यांतील निम्म्या, म्हणजे १५ मेळ्यांत वीज गेली. त्यांपैकी ६ मध्ये अफवा पसरली आणि त्यांतल्या ३ मध्ये प्रवेश थांबवावा लागला. संपूर्ण कथेची शक्यता झाली अवघी ३ टक्के. वादळाविना, केवळ गर्दीमुळे वा पाणी वाढल्यामुळे आणखी १७ वेळा प्रवेश थांबला, तर पहिल्या विधानाची शक्यता किमान २० टक्के होते. ‘आणि’ने जोडलेली प्रत्येक अट मागच्या संख्येला एकाहून मोठ्या नसलेल्या अंकाने गुणते, म्हणून शक्यता वाढणे अशक्यच.

गफलत होते ती दोन प्रश्नांच्या सरमिसळीमुळे. अफवा पसरलीच, तर प्रवेश थांबण्याची शक्यता ६ पैकी ३, म्हणजे ५० टक्के आहे. मात्र हा ‘जर-तर’चा आकडा संपूर्ण कथेचा नव्हे.

तज्ज्ञही यातून सुटत नाहीत. १९८२ मध्ये इस्तंबूल येथील भाकीतशास्त्राच्या परिषदेत ट्वर्स्की आणि काहनेमन यांनी व्यावसायिक विश्लेषकांचे दोन गट केले. एका गटाला १९८३ मध्ये अमेरिका-सोव्हिएत राजनैतिक संबंध पूर्णतः स्थगित होण्याची शक्यता विचारली. दुसऱ्याला सोव्हिएत संघाने पोलंडवर आक्रमण करून हे संबंध स्थगित होण्याची. दुसऱ्या गटाचे अंदाज लक्षणीयरीत्या अधिक निघाले.

याचा अर्थ तपशीलवार कथा निरुपयोगी आहेत असा नव्हे. कोणत्या वाटेने संकट येईल, हे त्या दाखवतात. परंतु नियोजन एकाच ठसठशीत कथेवर बेतले, तर उरलेल्या १७ वेळा घाटावरचा बंदोबस्त वादळाची वाट पाहत राहील.