दाराला डकवलेले समन्स

एकतर्फी हुकूमनामा रद्द करून मागणारा प्रतिवादी म्हणजे झोपेचे सोंग घेतलेला माणूस, असे एका ज्येष्ठ वकीलसाहेबांनी परवा भर सभेत सांगितले. दावा चालू असताना घरी बसायचे, हुकूमनामा झाला की धावत यायचे आणि वादीची सगळी मेहनत पाण्यात घालवायची, हा त्याचा धंदा. म्हणून असे अर्ज सरसकट फेटाळावेत, आणि ऐकायचेच असतील तर आधी हुकूमनाम्याची पूर्ण रक्कम भरून घ्यावी, असे त्यांचे म्हणणे. टाळ्याही पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी बेलिफाचा अहवाल शेवटच्या ओळीपर्यंत वाचला असेल, याची मला शंका आहे.

सोंग घेणारे असतात, हे मला मान्य आहे. पण सोंग घेण्यासाठी आधी कोणीतरी हाक मारावी लागते. वकीलसाहेबांच्या साऱ्या युक्तिवादात हाक मारली गेली हे गृहीत धरलेले आहे. नेमके तेच तपासायचे असते.

कोकणात रोज घडू शकेल असे एक उदाहरण घेऊ. जमिनीचा मालक डोंबिवलीत राहतो. गावचे घर बंद, गणपतीला आणि शिमग्याला तेवढे उघडते. एक जण त्याच्या नावाचे साठेखत पुढे करून खरेदीखत करून मिळावे असा दावा लावतो आणि दाव्यात पत्ता घालतो गावच्या घराचा. बेलीफ जातो, कुलूप बघतो, समन्स दाराला डकवतो आणि शेरा मारतो : ‘प्रतिवादी मिळून आला नाही, समन्स डकवले.’ पुढच्या तारखेला पुकारा होतो, कोणी हजर नसते, ‘दावा एकतर्फी चालवावा’ असा आदेश होतो. वादी पुराव्याचे प्रतिज्ञापत्र देतो. उलटतपासाला कोणी नाही. हुकूमनामा होतो. दरखास्तीची नोटीसही त्याच बंद दाराला लागते. न्यायालयामार्फत खरेदीखत होते, आणि डोंबिवलीकराला पत्ता लागतो तो सातबाऱ्याचा उतारा काढल्यावर, कारण तिथे आता दुसऱ्याचेच नाव आहे.

आता हा माणूस झोपेचे सोंग घेत होता काय?

दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 5, नियम 17 काय सांगतो ते पाहा. प्रतिवादीने समन्स घ्यायला नकार दिलेला नसेल, तर त्याचा योग्य आणि वाजवी शोध घेऊनही तो सापडत नसेल, वाजवी वेळेत तो घरी भेटण्याची शक्यता नसेल, आणि समन्स स्वीकारणारा दुसरा कोणी नसेल, तरच ते डकवता येते. आणि डकवायचे ते तो जिथे सर्वसाधारणपणे राहतो किंवा पोटापाण्याचा उद्योग करतो त्या घराला. वर्षातून दोनदा उघडणारे घर यात बसवताना फार ताण द्यावा लागतो. अहवालात आणखी दोन गोष्टी हव्यात : कोणत्या परिस्थितीत डकवले, आणि घर कोणी दाखवले, कोणासमक्ष डकवले त्याचे नाव-पत्ता. शेजाऱ्याला एकदा विचारले असते तर ‘ते डोंबिवलीला असतात’ हे उत्तर आले असते आणि पत्ताही मिळाला असता. त्या एका प्रश्नाची नोंद अहवालात नसली, की शोध घेतलाच नाही असे समजायला जागा उरते.

पुढे नियम 19 आहे. अहवालाला बेलिफाचे प्रतिज्ञापत्र जोडलेले नसेल, तर न्यायालयाने त्याची शपथेवर तपासणी केलीच पाहिजे. त्यानंतर समन्स रीतसर बजावले गेले असे जाहीर करायचे, किंवा पुन्हा बजावणीचा हुकूम द्यायचा. रोजनाम्यात हे जाहीर केल्याची ओळ शोधून पाहा. पुष्कळदा ती नसते, थेट एकतर्फीचा आदेश असतो. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीचेही तसेच. प्रतिवादी शेवटी जिथे राहिल्याचे माहीत आहे त्या भागात खपणारे दैनिक लागते. डोंबिवलीतल्या माणसासाठी फक्त तालुक्यातल्या पत्रात दिलेली जाहिरात ही वादीची सोय झाली, बजावणी नव्हे.

वकीलसाहेबांचा लाडका आधार म्हणजे आदेश 9, नियम 13 चे दुसरे परंतुक. 1976 च्या दुरुस्तीने आलेले. बजावणीत केवळ अनियमितता आहे एवढ्यावरून हुकूमनामा रद्द करायचा नाही, हे ते मोठ्या आवाजात वाचतात आणि तिथेच थांबतात. वाक्य पुढे जाते. प्रतिवादीला सुनावणीच्या तारखेची माहिती होती आणि हजर राहायला पुरेसा वेळ होता, अशी न्यायालयाची खात्री झाली पाहिजे. अर्धे वाक्य वाचून कायदा सांगू नये. सुटीचा दिवस, चुकलेले आडनाव, भावाने घेतलेली नोटीस अशा बारीकसारीक दोषांसाठी ते परंतुक आहे. ज्याला काहीच कळले नाही त्याचे तोंड बंद करण्यासाठी नाही.

मुदतीवरही असाच गोंधळ घालतात. अर्जाला 30 दिवस, म्हणून वर्षाने आलेला परत पाठवा! मुदत कायद्याचे अनुच्छेद 123 सांगते : समन्स रीतसर बजावले असेल तर हुकूमनाम्याच्या तारखेपासून 30 दिवस, बजावले नसेल तर हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून. डकवणे आणि जाहिरात ज्यात येते ती पर्यायी बजावणी न्यायालयाने आदेश 5, नियम 20 खाली करवली असेल, तर ती या मुदतीपुरती रीतसर मानू नये, असे स्पष्टीकरणच तिथे आहे. माहिती म्हणजे गावात कानावर आलेली कुजबुजही नव्हे. त्या विशिष्ट हुकूमनाम्याची माहिती हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्येच पन्नालाल विरुद्ध मुरारीलाल खटल्यात म्हटले आहे. म्हणून डोंबिवलीकराने उतारा पाहिल्याची तारीख, न्यायालयात चौकशी केल्याची तारीख आणि नक्कल मिळाल्याची तारीख प्रतिज्ञापत्रात वेगवेगळी लिहावी. ‘नुकतेच कळले’ एवढे लिहिणारे अर्ज पडतात, आणि पडायलाच हवेत.

रक्कम भरण्याबद्दल एवढेच : योग्य वाटेल ती अट घालण्याचा अधिकार नियम 13 ने न्यायाधीशाला दिलेलाच आहे. पण ज्याला बोलावलेच नाही त्याच्याकडून ऐकून घेण्याचे आगाऊ पैसे कशासाठी?

समन्स रीतसर न बजावणे हे हुकूमनामा रद्द करून मागण्याचे एक कारण झाले. दुसरे म्हणजे हजर न राहण्याचे ‘पुरेसे कारण’. समन्स मिळाले, पण त्या दिवशी अपघात झाला, दवाखान्यात होता. इथे पाहायचे ते दावा पुकारला त्या दिवशी का आला नाही एवढेच. आधीच्या चुकलेल्या तारखांचा पाढा वाचायचा नाही. मात्र या माणसाची मुदत हुकूमनाम्यापासूनच मोजली जाते, आणि उशीर झाला तर प्रत्येक टप्प्याचा खुलासा त्याला द्यावा लागतो. याबाबत कडक राहावे, माझी हरकत नाही.

वादीचे काय, असे विचारतील. गैरहजेरीचा अर्थ कबुली नव्हे. लेखी कैफियत आली नाही एवढ्यावरूनही डोळे झाकून हुकूमनामा द्यायचा नाही, हे बलराज तनेजा खटल्यात 1999 साली स्पष्ट झाले आहे. साठेखताच्या दाव्यात आपण स्वतः व्यवहार पुरा करायला तयार होतो, हे वादीला एकतर्फीतही सिद्ध करावेच लागते. ज्याचे साठेखत खरे आहे तो उलटतपासात टिकेल. दावा फेटाळला जात नाही, बजावणीच्या टप्प्यावरून पुन्हा सुरू होतो, आणि वादीचा दोष नसेल तर त्याला खर्च देववता येतो.

डोंबिवलीकराने करायचे ते इतके : बजावणीचा अहवाल, रोजनामा आणि हुकूमनामा यांच्या प्रमाणित नकला काढाव्यात, नियम 13 चा अर्ज द्यावा, त्यासोबत जमीन पुढे विकली जाऊ नये म्हणून मनाईचा अर्ज जोडावा, आणि डोंबिवलीच्या पत्त्याचा त्या काळातला पुरावा म्हणून रेशनकार्ड आणि विजेची बिले लावावीत. अर्ज फेटाळला तर आदेश 43 खाली अपील आहे. हुकूमनाम्यावरच अपील करायचे असेल तर ती वाटही मोकळी आहे. पण त्या अपिलाचा निकाल आधी लागला आणि ते मागे घेतलेले नसले, तर नियम 13 चा अर्ज चालत नाही, हे ध्यानात ठेवून क्रम ठरवावा.